ट्रेलरमधली ती धून कुठल्या चित्रपटाची? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ट्रेलर संपतो, पडद्यावर नाव येतं आणि डोक्यात एकच धून घोळत राहते. ती कुणाची, हे कुठेच लिहिलेलं नसतं. गेली काही वर्षं मी अशा धुना शोधतो आणि लोक मला त्याबद्दल विचारत राहतात. तेच ते प्रश्न परत परत येतात म्हणून त्यांची उत्तरं इथे एकत्र करून ठेवली आहेत. इथे फक्त पार्श्वसंगीताचा विचार केला आहे. शब्द असलेलं गाणं शोधणं फारच सोपं, एक ओळ टाकली की काम झालं.

१. ट्रेलरमध्ये जी धून वाजते ती त्याच चित्रपटाची असणार ना? मग चित्रपटात सापडत का नाही?

बहुतेक वेळा ती त्या चित्रपटाची नसतेच. पार्श्वसंगीत हे चित्रपटाच्या कामातलं जवळजवळ शेवटचं काम. संकलन पक्कं झाल्याशिवाय संगीतकाराला सेकंदाचा हिशेब लावता येत नाही आणि वाद्यवृंदाचं रेकॉर्डिंग तर त्याच्याही नंतर होतं. ट्रेलर मात्र प्रदर्शनाच्या कित्येक महिने आधी बाहेर पडतो. म्हणजे ट्रेलर कापणाऱ्याच्या हातात त्या चित्रपटाचं संगीत नसतंच. त्याला दुसरीकडून आणावं लागतं.

हे 'दुसरीकडून' तीन ठिकाणांहून येतं: एखाद्या जुन्या चित्रपटाच्या पार्श्वसंगीतातून, खास ट्रेलरसाठी संगीत तयार करून ठेवणाऱ्या कंपन्यांकडून किंवा अभिजात संगीतातून. तुमची धून या तिघांपैकी कुठली, हे आधी ठरवलं की अर्धा शोध संपतो. ज्यांच्या हाती काही लागत नाही, त्यातले बरेच जण चौथ्याच ठिकाणी शोधत बसलेले असतात: ज्याचा ट्रेलर आहे त्याच चित्रपटाच्या अल्बममध्ये.

२. ट्रेलरच्या शेवटी बारीक अक्षरांत नावं येतात, त्यात संगीतकार असतो की!

असतो, पण तो चित्रपटाचा संगीतकार. ट्रेलरमध्ये वाजलेल्या संगीताशी त्याचा संबंध असेलच असं नाही. चित्रपटाच्या शेवटच्या श्रेयनामावलीचाही फारसा उपयोग नाही. तिथे वापरलेली गाणी एकेक करून दिलेली असतात, पण पार्श्वसंगीताचे तुकडे नावानिशी दिले जात नाहीत. सगळ्यांसाठी मिळून संगीतकाराचं एक नाव. आणि उसनं आणलेलं संगीत ट्रेलरपुरतंच घेतलेलं असतं, त्यामुळे त्याचा उल्लेख त्या नामावलीत येण्याचं कारणच नाही.

३. ठीक आहे. मग सुरुवात कुठून करू?

आधी फुकटची गोष्ट बघा. ट्रेलर यूट्यूबवर असेल तर खालचं वर्णन पूर्ण उघडा. ध्वनिमुद्रणाची जुळणी आपोआप झाली असेल तर तिथे Music असा चौकोन दिसतो आणि त्यात तुकड्याचं नाव असतं. अधिकृत खात्यावर तो नसला तरी दुसऱ्या कुणी चढवलेल्या प्रतीवर असू शकतो, म्हणून दोन-तीन प्रती उघडून बघा.

तिथे नसेल तर शझामसारखं ओळखणारं अ‍ॅप. ते कसं चालतं हे माहीत असलं की त्याच्याकडून काम करून घेता येतं. अ‍ॅपला धून कळत नाही. ते आवाजाचा एक नकाशा काढतं, त्यातले सगळ्यात ठळक बिंदू निवडतं, आणि त्या बिंदूंमधली अंतरं आपल्या साठ्यातल्या रेकॉर्डिंगशी ताडून बघतं. म्हणजे ते विशिष्ट रेकॉर्डिंगचा ठसा ओळखतं. तीच धून दुसऱ्या वाद्यवृंदाने वाजवली की ठसा बदलला, अ‍ॅप गप्प.

म्हणून अख्खा ट्रेलर ऐकवू नका. जिथे कुणी बोलत नाही, काही फुटत नाही, अशी आठ-दहा सेकंदं शोधा. ती बहुधा तीन जागी सापडतात: निर्मितीसंस्थेचं चिन्ह दिसतं तेव्हा, अक्षरांच्या पाट्या येतात तेव्हा आणि अगदी शेवटी तारखेच्या पाटीवर. आणखी एक लक्षात ठेवा. अडीच मिनिटांच्या ट्रेलरमध्ये एकच तुकडा क्वचित असतो. सुरुवातीचा शांत भाग एकाचा, मधली चढण दुसऱ्याची, शेवटचा कल्लोळ तिसऱ्याचा. अ‍ॅपने सुरुवातीच्या पियानोचं नाव सांगितलं आणि तुम्हाला हवा होता शेवटचा कोरस, असा घोळ फार होतो. तुमची धून नेमकी कितव्या सेकंदाला सुरू होते ते आधी लिहून ठेवा.

४. अ‍ॅप काहीच सांगत नाही. पूर्ण वेळ कुणीतरी बोलतंय आणि मध्येमध्ये धडाम-धुडूम आहे. काय करू?

सगळ्यात चांगला उपाय यंत्राचा नाही. त्याच चित्रपटाचे इतर भाषांतले ट्रेलर आणि टीव्हीवरच्या तीस सेकंदांच्या जाहिराती गोळा करा. डब केलेल्या प्रतीत संगीत तेच असतं, पण वाक्यांची लांबी वेगळी. इंग्रजीत ज्या दोन मात्रा निवेदकाने झाकल्या आहेत त्या स्पॅनिशमध्ये उघड्या सापडतात. मला या एका युक्तीने जितकं मिळालंय तितकं बाकी सगळ्या युक्त्यांनी मिळून मिळालेलं नाही.

ते जमलं नाही तर संवाद वजा करून बघा. स्टिरिओ ध्वनीत बोलणं सहसा मधोमध ठेवतात, म्हणजे ते डाव्या आणि उजव्या दोन्ही बाजूंना सारखंच असतं. तारवाद्यं आणि कोरस मात्र दोन्ही बाजूंना पसरलेले असतात. डाव्यातून उजवं वजा केलं की मधलं जातं आणि कडेचं उरतं. ffmpeg हा ओळी लिहून चालवायचा ध्वनी-चित्रफितींचा प्रोग्रॅम असेल तर एका ओळीचं काम:

```
ffmpeg -ss 00:01:12 -t 15 -i trailer.mp4 -af "pan=mono|c0=0.5*c0-0.5*c1" baju.wav
```

इथे १ मिनिट १२ सेकंदांपासून १५ सेकंदं घेतली आहेत. तुमची वेळ घाला. उरलेला आवाज पातळ आणि पोकळ वाटेल, कारण ढोल आणि खालचे सूरही बहुतेक मध्यभागीच असतात, तेही जातात. संवादाचा घुमारा मागे राहतो, कुणीतरी विहिरीतून बोलल्यासारखा. तरी धून कानाला कळते आणि कधीकधी अ‍ॅपलाही. फाइल पूर्ण शांत निघाली तर तुमची प्रत मुळात मोनो आहे; दुसरी प्रत शोधा.

ट्रेलरची ५.१ ध्वनी असलेली प्रत हाती लागली, तर मग चैनच. तिथे संवादासाठी मधला स्वतंत्र मार्ग असतो. समोरचे डावे-उजवे मार्ग तेवढे घ्या:

```
ffmpeg -i trailer.mkv -af "pan=stereo|c0=FL|c1=FR" samor.wav
```

स्फोटांवर मात्र इलाज नाही. ते सगळीकडे असतात.

५. आवाज स्वच्छ आहे, धून प्रसिद्ध वाटते, तरीही अ‍ॅप ओळखत नाही. असं का?

वेग किंवा पट्टी बदललेली असेल. ठसा जुळवणाऱ्या अ‍ॅपला चकवायला एवढंही पुरतं. संकलक कधी मुद्दाम बदलतात, कधी तो बदल नकळत झालेला असतो.

नकळत होणाऱ्या बदलाने मला एकदा जवळजवळ तीन आठवडे नाचवलं. नव्वदच्या दशकात टीव्हीवरून कॅसेटवर उतरवलेला एक ट्रेलर होता. खर्जातली तारवाद्यं एकाच हट्टी ठेक्यावर पावलं टाकत पुढे येतात आणि वर पितळी वाद्यं चढत जातात. ऐकल्यासारखं वाटत होतं, पण अ‍ॅप दाद देईना. शेवटी लक्षात आलं की चित्रपट सेकंदाला २४ चौकटींचा आणि पाल या टीव्ही पद्धतीचं प्रसारण २५ चौकटींचं. म्हणजे सगळंच सुमारे चार टक्के जलद धावतं आणि सूर अर्ध्या सुराच्या दोन-तृतीयांशाहून थोडा जास्त वर सरकतो. कानाला ते खटकत नाही, अ‍ॅपला खटकतं. मग फाइल तेवढीच हळू केली:

```
ffmpeg -i kaset.wav -af "asetrate=46080,aresample=48000" halu.wav
```

मूळ फाइल ४८००० च्या दराची होती म्हणून ४६०८०, म्हणजे २५ मागे २४. तुमची ४४१०० ची असेल तर ४२३३६ आणि पुढे ४४१०० घाला. हळू केलेली प्रत ऐकवल्यावर उत्तर आलं: १९९२ सालच्या 'ब्राम स्टोकर्स ड्रॅक्युला'चं वोय्चेख किलार यांचं संगीत, तुकडा 'व्हॅम्पायर हंटर्स'. ट्रेलरवाल्यांचा अतिशय लाडका तुकडा. नाव कळल्यावर कपाळावर हात मारून घेतला.

मुद्दाम केलेल्या बदलाला असा ठरलेला आकडा नसतो. तिथे ठसा सोडा आणि प्रश्न ६ कडे वळा.

६. गुणगुणून शोधता येतं का? मला गाता येत नाही.

येतं, आणि चांगलं गाता यायची गरज नाही. गूगलने २०२० मध्ये गुणगुणून शोधायची सोय आणली. साउंडहाउंड हे अ‍ॅप तर त्याआधीपासून हे करतंय. या सोयी रेकॉर्डिंगचा ठसा बघत नाहीत, सुरांची चढउतार बघतात. म्हणून पट्टी, वेग, वाद्यं बदलली तरी चालतं. त्यांची अडचण वेगळीच: गाण्यांची चाल त्यांना लवकर कळते, पण मोटिफ, म्हणजे परत परत येणारा दोन-चार सुरांचा तुकडा, इतका छोटा असतो की तो शेकडो ठिकाणी जुळतो. म्हणून मोटिफ एकदाच गुणगुणून थांबू नका. तो परत येतो तेव्हा थोडा बदलून येतो, तो बदलही गा. निदान दहा-बारा सेकंदं.

आवाज अजिबात लागत नसेल तर लिहून शोधा. डेनिस पार्सन्स यांनी १९७५ मध्ये एक कोश काढला होता, त्यात सुरावटी फक्त चढउतारीवरून लावलेल्या होत्या. पहिला सूर म्हणजे चांदणी, पुढचा सूर वर गेला तर U, खाली गेला तर D, तोच राहिला तर R. म्युझिपीडिया या संकेतस्थळावर आजही असा शोध घेता येतो.

एक उदाहरण करून बघू. भीतीच्या प्रसंगात हमखास येणारी एक सुरावट आहे: ग रे ग सा, रे नि सा सा. ग आणि नि कोमल, नि मंद्र सप्तकातला. ग वरून रे खाली, परत ग वर, सा खाली, रे वर, नि खाली, सा वर, सा तिथेच. लिहिलं की असं होतं:

```
*DUDUDUR
```

ही 'डिएस इरे', मध्ययुगीन चर्चमधली मृत्यूची प्रार्थना. शोधाल तर शेकडो जागी सापडेल, १९८० च्या 'द शायनिंग'च्या सुरुवातीलासुद्धा. तुमच्या ट्रेलरमधली धून हीच निघाली तर ती 'कुठल्या चित्रपटाची' हा प्रश्नच चुकीचा. सुरावट कुणाचीच नाही. विचारायचं ते एवढंच, की हे रेकॉर्डिंग कुणाचं.

सरगम लिहायची सवय असलेल्यांना इथे मोठा फायदा आहे. चार सूर लिहून ठेवले की आठवड्याने तुमच्या आठवणीत धून सरकत नाही. माझ्या सरकतात, म्हणून सांगतो.

७. अ‍ॅपने नाव सांगितलं, पण त्या नावाचा चित्रपटच अस्तित्वात नाही. आता?

आता खरी मजा सुरू. सापडलेलं नाव हे शेवटचं उत्तर मानू नका, ती मधली पायरी असू शकते. एक प्रसिद्ध प्रकरण टप्प्याटप्प्याने बघा.

२००२ मध्ये 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज: द टू टॉवर्स'चा ट्रेलर आला. त्यात एक छोटी, परत परत येणारी, करुण सुरावट होती, मोठा वाद्यवृंद आणि कोरस चढत चढत जाणारी. लोकांनी चित्रपट पाहिला, त्याचे संगीतकार हॉवर्ड शोअर यांचा अल्बम घेतला, दोन्हीकडे ती नव्हती. त्या तुकड्याचं नाव 'रेक्विम फॉर अ टॉवर'. या नावाचा चित्रपट नाही. तो त्या ट्रेलरसाठीच बांधलेला तुकडा.

इथे बहुतेक जण थांबतात आणि 'ट्रेलरसाठीचं संगीत, संपलं' म्हणतात. पण संगीतकाराच्या जागी काय लिहिलंय ते वाचा. मांडणी करणारे तिघं वेगळे आहेत, मूळ रचना मात्र क्लिंट मॅन्सेल यांची. नवी मांडणी केली तरी मूळ रचनाकाराचं नाव टाळता येत नाही, आणि आपला धागा तोच. मॅन्सेल यांनी २००० साली 'रेक्विम फॉर अ ड्रीम'ला संगीत दिलं होतं. त्या अल्बममधला 'लक्स एटर्ना' ऐका: तीच सुरावट, पण इथे कोरस नाही, ढोल नाहीत, क्रोनोस क्वार्टेटची तारवाद्यं आहेत. तुकड्याच्या नावातला 'रेक्विम' हा शब्दही मुळाकडेच बोट दाखवत होता.

म्हणून नाव मिळालं की तीन गोष्टी वाचायच्या: कलाकार, रचनाकार, मांडणी. कलाकार आणि रचनाकार वेगळे असतील तर रचनाकाराच्या मागे जा.

याच जातीचे दोन फसवे प्रकार आहेत. अ‍ॅप एखादं रॅप गाणं सांगतं, कारण त्या गाण्याने चित्रपटाच्या संगीताचा तुकडा उचललेला असतो. तेव्हा हूसॅम्पल्डसारख्या संकेतस्थळावर त्या गाण्याने काय उचललं ते बघा. किंवा अ‍ॅप सिटी ऑफ प्राग फिलहार्मोनिकचं नाव देतं. हा वाद्यवृंद चित्रपटसंगीत नव्याने रेकॉर्ड करतो, आणि तुकड्याच्या नावातच बहुधा मूळ चित्रपट लिहिलेला असतो. ती प्रत ट्रेलरमधली नसेलही, पण चित्रपटाचं नाव तर मिळालं.

८. पण कधीकधी मागे कुठलाच चित्रपट नसतो म्हणता. ते कसं ओळखायचं?

प्रश्न ७ मधली साखळी ओढत गेलात आणि रचनाकाराच्या नावाखाली त्या धुनेचा चित्रपटच नसेल तर. २०१० च्या 'इन्सेप्शन'च्या ट्रेलरमधलं 'माइंड हाइस्ट' हे याचं ठळक उदाहरण. ते झॅक हेम्सी यांचं. चित्रपटाचं संगीत हान्स झिमर यांचं आणि त्यात 'माइंड हाइस्ट' नाही. तरी आजही अनेक जण ते झिमर यांचंच समजतात, आणि चुकीच्या नावाने चढवलेल्या प्रतींमुळे हा समज वाढतच जातो.

कानालाही काही खुणा कळतात. खास ट्रेलरसाठी केलेलं संगीत कापायला सोयीचं असतं: मध्ये अचानक पूर्ण शांतता, जिथे एक वाक्य बसेल, मग एक आघात, मग दुप्पट मोठा कल्लोळ, आणि शेवटी एकच लांब घुमणारा ठोका. चित्रपटासाठी लिहिलेलं संगीत असं नीट पायऱ्या पायऱ्यांनी चढत नाही. ते मध्येच वळतं, रेंगाळतं, कारण ते कुठल्यातरी दृश्याच्या मागे धावत असतं. टू स्टेप्स फ्रॉम हेल किंवा इमिजिएट म्युझिक अशी नावं आली तर समजा, बाजार ट्रेलरसंगीताचा आहे. हा कस शंभर टक्के नाही. 'रेक्विम फॉर अ टॉवर' या कसावर ट्रेलरसंगीत ठरतं आणि तरी त्यामागे चित्रपट निघतो.

९. अ‍ॅप नाही, गुणगुणणं नाही, काहीच लागू पडलं नाही. हजारो चित्रपटांतून शोधायचं कसं?

हजारो नसतात. आधी वरची सीमा घाला: धून उसनी असेल तर तिचा चित्रपट ट्रेलरच्या आधीचा असणार. पोस्टरवरची नाही, ट्रेलर पहिल्यांदा दिसला ती तारीख घ्या. टीझर आणि दोन ट्रेलर असतील तर तुमची धून ज्यात सगळ्यात आधी आली त्याची.

मग ट्रेलर कुठल्या स्टुडिओचा ते बघा. स्वतःच्या जुन्या चित्रपटाचं संगीत वापरणं स्टुडिओला सोपं पडतं, कारण हक्क घरातच असतात. त्याच स्टुडिओचे आधीच्या दहा-पंधरा वर्षांतले, त्याच जातीचे चित्रपट घ्या. युद्धपटाच्या ट्रेलरला युद्धपटाचंच संगीत लावलेलं असतं असं नाही, पण संगीताचा आवाका सारखा असतो. कौटुंबिक चित्रपटाला कुणी 'एलियन्स' लावत नाही.

त्याआधी, खरं सांगायचं तर, नेहमीचे गुन्हेगार ऐकून घ्या. ट्रेलर कापणारे माणसंच आहेत. जे एकदा चाललं ते पुन्हा वापरतात. वर आलेला किलार यांचा 'ड्रॅक्युला', जेम्स हॉर्नर यांच्या १९८६ च्या 'एलियन्स'मधला 'बिशप्स काउंटडाउन', रँडी एडलमन यांचे 'कम सी द पॅरडाइज' (१९९०) आणि 'ड्रॅगन: द ब्रूस ली स्टोरी' (१९९३), जॉन मर्फी यांचं 'सनशाइन' (२००७). नव्वदच्या दशकातला हळवा, विजयी सुरांचा ट्रेलर असेल तर मी डोळे मिटून आधी एडलमन लावतो. soundtrack.net वर ट्रेलरनुसार संगीताच्या नोंदी आहेत, तिथेही चित्रपटाचं नाव टाकून बघा.

१०. तीच धून मला दोन वेगळ्या चित्रपटांत सापडली. खरा कुठला?

दोन्ही खरे असू शकतात. 'सनशाइन'मधली मर्फी यांची 'अडाजिओ इन डी मायनर' २०१० च्या 'किक-अ‍ॅस'मध्येही वेगळ्या रूपात आहे. अशा वेळी सूर बघू नका, वाद्यं बघा: ढोल कधी येतात, गिटार आहे का, चढण किती मात्रांची आहे. ट्रेलरची तारीख २०१० च्या आधीची असेल तर प्रश्न आपोआप सुटला.

हॉर्नर यांचं प्रकरण याहून अवघड. संकटाची चाहूल देणारा चार सुरांचा एक मोटिफ त्यांनी आयुष्यभर वापरला. 'विलो' (१९८८), 'एनिमी अ‍ॅट द गेट्स' (२००१), 'ट्रॉय' (२००४), सगळीकडे तो आहे. नुसत्या चार सुरांवरून चित्रपट ठरवायला गेलात तर हमखास चुकाल. मोटिफच्या आधी आणि नंतर काय वाजतं ते धरा. चार सूर तेच असतात, शेजारपाजार बदलतो.

अभिजात संगीताचाही असाच गोंधळ. कार्ल ऑर्फ यांचं 'ओ फोर्चुना' ऐकून लोक १९८१ च्या 'एक्सकॅलिबर'चं नाव घेतात. त्यात ते आहे हे खरं, पण 'कार्मिना बुराना' पहिल्यांदा सादर झालं ते १९३७ मध्ये.

११. सापडलेलं उत्तर बरोबर आहे याची खात्री कशी करू?

'तसंच वाटतंय' हे पुरेसं नाही. इतके दिवस शोधल्यावर काहीही तसंच वाटू लागतं. ट्रेलरचा तुकडा आणि अल्बमचा तुकडा ऑडॅसिटीसारख्या प्रोग्रॅममध्ये एकाखाली एक लावा. एका ठळक आघातावर दोन्ही जुळवा आणि पुढचे आठ-दहा आघात बघा. रेकॉर्डिंग तेच असेल तर आघात एकमेकांवर पडत राहतात. माणसांनी वाजवलेला ठेका यंत्रासारखा सारखा नसतो. दुसऱ्या वाद्यवृंदाचं असेल तर तिसऱ्या-चौथ्या आघाताला घसरण दिसतेच.

मध्येच जुळणी तुटली तर घाबरू नका. संकलक चार मात्रा गाळतो, आठ मात्रा दोनदा वाजवतो. तुटलेल्या जागेच्या पुढे दुसरा आघात धरून परत जुळवा. दोन वेगळ्या जागी जुळलं तर मी उत्तर पक्कं धरतो. एकाच जागी जुळलं तर प्रश्न १३ वाचा.

१२. चित्रपट सापडला, पण अल्बममध्ये ती धून नाही.

अल्बम म्हणजे चित्रपटातलं सगळं संगीत नव्हे. जुन्या अल्बमांत तर निवडक भागच असायचा, शिवाय दोन प्रसंगांचे तुकडे जोडून एक केलेला असायचा. आधी अल्बमची विस्तारित आवृत्ती आहे का बघा. इंट्राडा, ला-ला लँड, व्हारेझ साराबांद हे प्रकाशक अशा आवृत्त्या काढतात. त्यांच्या यादीत तुकड्यांपुढे 3M2 अशा खुणा दिसतील: तिसऱ्या रिळातला दुसरा तुकडा. चित्रपटात ती धून साधारण कुठे येते हे त्यावरून कळतं.

तीही नसेल तर चित्रपटच बघा, आणि तुकडा चित्रपटात ज्या मिनिटाला वाजतो तो लिहून ठेवा.

१३. सगळं जुळतंय, फक्त एक सूर वेगळा आहे. माझा कान चुकतोय का?

कान बरोबर आहे. ती नक्कल असणार. हवा असलेला तुकडा महाग पडला किंवा मिळालाच नाही, तर 'तसंच, पण ते नाही' असं संगीत करवून घेतात. ठेका तोच, वाद्यं तीच, चढण तीच, पण सुरावट नेमक्या जागी वळवलेली. मूळ वर जातं तिथे हे खाली येतं. पार्सन्सच्या पद्धतीने (प्रश्न ६) दोन्ही लिहून काढा, एक अक्षर वेगळं निघेल.

अशा वेळी दोन उत्तरं लिहून ठेवा: नक्कल कुणाची केली तो चित्रपट आणि नक्कल करणारा तुकडा. दुसरं कित्येकदा सापडत नाही, कारण असं काम ट्रेलरपुरतं करतात आणि ते स्वतंत्रपणे बाहेर येतच नाही.

१४. हरलो. इतरांना विचारायचं तर काय काय लिहू?

ट्रेलरचं नाव आणि तो टीझर, पहिला की दुसरा. तुमच्या प्रतीची लांबी, कारण एकाच ट्रेलरच्या दोन-तीन कापणी फिरत असतात. धून सुरू होते आणि संपते ते सेकंद. सरगम किंवा U-D-R. आणि जे तपासून झालंय त्याची यादी. शेवटची सगळ्यात महत्त्वाची. मला येणाऱ्या दहांतल्या आठ प्रश्नांत ती नसते आणि मग मी पुन्हा ड्रॅक्युलापासून सुरुवात करतो. 'टण टण टणटण' असं लिहून पाठवू नका. त्यावरून मी आजवर एकच धून ओळखली आहे आणि तीही चुकीची.